बूस्ट मारला, पण चालेना

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथे फ्लेक्सचा धंदा करणाऱ्याला हल्ली दोन मापं सांगितली जातात. एक फुटांत, "दहा बाय वीसचा काढ." दुसरं रुपयांत, "आणि त्याचाच पाचशेचा बूस्ट मार." एकच डिझाइन. फ्लेक्स चौकातल्या खांबावर चढतो, तसंच चित्र फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मोताळा, मलकापूर, बुलढाण्यापर्यंत आणि हद्दीपलीकडे जळगाव जिल्ह्यातल्या बोदवड-जामनेरपर्यंत फिरतं. खांबावरच्या फ्लेक्सला बांधायला दोरी लागते, मोबाइलातल्या फ्लेक्सला मंजुरी. ती मिळाली नाही की गिऱ्हाइकाचा फोन येतो, "भाऊ, जाहिरात बंद पडली."

हे काम बरीच वर्षं करणाऱ्या गावातल्या एका डिझाइनवाल्याने अशा फोनवर विचारायचा पहिला प्रश्न ठरवून टाकला आहे, "एकच बंद आहे, का सगळ्या?"

गिऱ्हाइकाला हा प्रश्न फालतू वाटतो, पण निम्मं निदान त्यातच होतं. एक जाहिरात अडली आणि तिच्या शेजारची चालू असेल, तर अडचण त्या जाहिरातीच्या मजकुरात, चित्रात किंवा ती ज्या पानावर नेते त्या पानात असते. खात्यातल्या सगळ्याच जाहिराती एकदम थांबल्या, तर पोस्टर कितीही बदला, काही होत नाही. तिथे बहुतेक वेळा पैसे अडकलेले असतात. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. सगळं बंद, आणि नवी जाहिरात लावायलाही परवानगी नाही. म्हणजे खात्यावरच निर्बंध आला. दुकानदाराच्या खुर्चीवरून तिन्ही सारखेच दिसतात आणि म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं.

पहिल्या प्रकारातली एक जाहिरात त्याने जवळून हाताळली. एका दवाखान्याचं रविवारचं शिबिर होतं, रक्तातली साखर फुकट तपासून द्यायची. डॉक्टरांनी मजकूर स्वतः लिहून पाठवला होता. वर ठळक अक्षरांत "तुम्हाला शुगर आहे?", खाली "दोन महिन्यांत मुळापासून बरी", आणि चित्रात दोन ग्लुकोमीटर, एकावर २८०, दुसऱ्यावर ११०. फ्लेक्स छापून गेला, कुणी काही म्हणालं नाही. फेसबुकवर मात्र काही तासांतच `In review` जाऊन `Rejected` आलं. कारण दिलं होतं ते वैयक्तिक बाबींच्या नियमाचं.

डॉक्टर वैतागले. "अहो, मी डॉक्टर आहे. शुगर आहे का, हे नाही विचारायचं, तर मग काय गाव विचारू?"

नियमामागचं कारण मात्र समजण्यासारखं आहे. खांबावरचा फ्लेक्स येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांशी बोलतो. मोबाइलवरची जाहिरात एकट्या माणसाच्या हातात उघडते, तीही तो काय बघतो-शोधतो यावरून निवडून आलेली. तिथे "तुम्हाला शुगर आहे?" असं दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, याला माझा रिपोर्ट कुणी दाखवला? म्हणून समोरच्याचा आजार, धर्म, जात, कर्जबाजारीपणा आपल्याला ठाऊक आहे असं भासवणारं वाक्य फेसबुकला चालत नाही, मग ते प्रश्नार्थक का असेना. आजाराचं नाव घ्यायला बंदी नाही. "मधुमेहाची तपासणी" चालतं. "तुम्हाला मधुमेह" इथे गाडी अडते. विषय तोच राहतो, बोट फक्त माणसावरून काढून सेवेकडे करायचं.

डिझाइनवाल्याने पहिली ओळ काढली, जाहिरात पुन्हा पाठवली आणि ती पुन्हा नाकारली गेली. या खेपेला आरोग्यविषयक दाव्यांचा नियम पुढे आला. पडताळणीचा बराचसा भाग यंत्रच करतं, आणि त्यात वर टाइप केलेल्या मजकुरासोबत चित्रावर छापलेली अक्षरंही वाचली जातात. "मुळापासून बरी" ही ओळ चित्रात होती. २८० वरून ११० वर आलेले दोन ग्लुकोमीटर म्हणजे 'आधी आणि नंतर'चा नमुना; तोही नडतो. एका वेळी एकच कारण दाखवलं जातं, त्यामुळे एक काटा काढला की जाहिरात मोकळी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात खालचा काटा तसाच असतो.

ती ओळ गेली, ग्लुकोमीटर गेले. तरीही जाहिरात नाकारलीच. आता चित्रात खटकावं असं काही उरलं नव्हतं, म्हणून त्याने बटणाखालचा दुवा उघडून बघितला. तो दवाखान्याच्या जुन्या वेबसाइटवर जात होता आणि तिथे एका चूर्णाचा फोटो होता, 'मधुमेह कायमचा घालवा' या हमीसकट. जाहिरात ज्या पानावर नेते ते पानही पडताळणीत धरलं जातं, ही गोष्ट पोस्टर बनवणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. डॉक्टरांना ते पान आठवतही नव्हतं. कुणीतरी कधीतरी बनवून दिलेलं.

इथे प्रश्न फक्त फेसबुकच्या मर्जीचा नव्हता. औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. त्याच्या परिशिष्टातल्या आजारांवर औषधाने बरं करतो अशी जाहिरात देणं गुन्हा ठरतं. त्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, मूतखडाही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२४ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण गाजलं, त्यात याच कायद्याची चर्चा झाली होती. फ्लेक्सवर ती ओळ बिनधोक टांगली गेली ती कुणी तपासली नाही म्हणून. कायद्याने तिथेही मोकळीक दिलेली नव्हती.

शेवटी जी जाहिरात मंजूर झाली ती दिसायला अगदीच साधी होती. "रक्तातील साखरेची मोफत तपासणी. रविवारी सकाळी ९ ते १. उपाशीपोटी यावे." खाली दवाखान्याचा पत्ता, आणि बटण वेबसाइटऐवजी थेट व्हॉट्सअॅपवर. डॉक्टरांना ती मिळमिळीत वाटली. 'उपाशीपोटी यावे' ही ओळ तेवढी त्यांना आवडली, कारण ती त्यांच्या पहिल्या मजकुरात राहूनच गेली होती.

असे नकार आले की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण `Request review` दाबून बसतात, काही जण तीच जाहिरात जशीच्या तशी पुन्हा पुन्हा लावतात. डिझाइनवाला पुनर्विचाराची मागणी तेव्हाच करतो, जेव्हा यंत्राची चूक आहे असं बोट ठेवून दाखवता येतं. बाकी वेळी तो मजकूर बदलतो. बदललेली जाहिरात आपोआप नव्याने पडताळणीला जाते. तीच जाहिरात पुन्हा लावत राहणं मात्र महागात पडतं. नकारांची नोंद खात्याच्या नावावर साचत जाते आणि ती वाढली की तिसऱ्या प्रकारची पाळी येते, खात्यावरच निर्बंध.

एका प्रसूतिगृहाच्या जाहिरातीत त्याने पुनर्विचार मागायलाच नकार दिला. पोस्टर दुसरीकडे बनवलेलं होतं. इंटरनेटवरून उचललेलं चित्र, अर्धे फुगे गुलाबी, अर्धे निळे, मध्ये इंग्रजीत 'मुलगा की मुलगी?' आणि खाली मराठीत सोनोग्राफीची सोय. परदेशात बाळाच्या जन्माआधी असा समारंभ करतात, त्यातलं ते चित्र. बनवणाऱ्याला त्यात नुसते फुगे दिसले होते. आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचं बाविसावं कलम अशा जाहिरातीलाच लागू होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टलाही अशा जाहिराती रोखण्याच्या कामाला लावलं. त्यात बुलढाणा जिल्हा हा मुलींच्या घटत्या प्रमाणामुळे 'बेटी बचाओ, बेटी पढाओ'च्या २०१५ च्या पहिल्या टप्प्यात घेतलेल्या महाराष्ट्रातल्या दहा जिल्ह्यांपैकी एक. अशा जिल्ह्यात ते पोस्टर मंजूर झालं असतं, तर प्रसूतिगृहाच्या दारात आरोग्य खात्याची गाडी उभी राहिली असती. "हे नाकारलं ते तुमच्या भल्याचंच झालं," एवढं सांगून त्याने फ्लेक्सचीही ऑर्डर परत केली.

मजकुरात काहीच वावगं नसताना अडणाऱ्या जाहिरातींचा वर्ग वेगळाच आहे, आणि गावात तोच जास्त दिसतो. 'दादांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' दादा जिल्हा परिषदेला इच्छुक, फोटोत वर पक्षाचे नेते, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. शिवीगाळ नाही, दावा नाही, विक्रीही नाही. तरी नकार. कारण `Social issues, elections or politics` या वर्गाची जाहिरात ती तशी आहे असं जाहीर न करता लावलेली असते.

हा वर्ग बंदीचा नाही, नोंदणीचा आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी फेसबुकने भारतात राजकीय जाहिरातींना ओळख पटवण्याची अट घातली. जाहिरात लावणाऱ्याने खात्याला दुहेरी सुरक्षा लावायची, सरकारी ओळखपत्र द्यायचं, आणि जाहिरातीवर पैसे कुणी दिले ती ओळ दाखवायची. अशी जाहिरात सात वर्षं सार्वजनिक संग्रहात राहते, साधारण किती खर्च झाला त्या आकड्यासकट. या सोपस्कारांना काही दिवस जातात. वाढदिवस मात्र थांबत नाही.

कार्यकर्त्यांना ओळखपत्राचं काही वाटत नाही, ते त्या ओळीवर अडतात. "पैसे कोणं देल्ले हे काऊन दाखवा लागते?" असं एकाने विचारलं होतं. मग नाव कुणाचं टाकायचं यावर खल झाला. दादांचं नको, मंडळाचं नोंदणीकृत नाही, पोरांपैकी कुणी पुढे यायला तयार नाही. अखेर बूस्टचा बेत रद्द झाला आणि फ्लेक्सची उंची दोन फुटांनी वाढली.

याच वर्गात साधा दुकानदार नकळत सापडतो, तेव्हा खरी पंचाईत होते. एका कृषी केंद्राने बियाण्यांच्या जाहिरातीवर डोक्याशी लिहिलं होतं, "कापसाला भाव मिळालाच पाहिजे!" कापूस, सोयाबीन, मका पिकवणाऱ्या या पट्ट्यात ही ओळ कुणाला खटकणार? दुकानदाराला फक्त गिऱ्हाइकाशी जवळीक साधायची होती. पण २०२१ च्या डिसेंबरपासून भारतात निवडणुकीसोबत सामाजिक प्रश्नही या वर्गात आले. अर्थव्यवस्था, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, नागरी हक्क असे नऊ विषय त्यात आहेत. शेतमालाच्या भावाची मागणी अर्थव्यवस्थेत बसते. 'शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क' असं लिहून प्रवेशाची जाहिरात करणारे क्लासेसही याच दारात येऊन थांबतात. विषयाला हात लावला म्हणून नव्हे, त्या विषयावर बाजू घेतली म्हणून. घोषणा काढली, बियाण्याचं वाण, पिशवीचं वजन आणि दुकानाचा पत्ता ठेवला, की तीच जाहिरात साधी व्यापारी ठरते. कृषी केंद्रवाल्याने घोषणा फ्लेक्सवर ठेवली, मोबाइलवरून काढली.

राहिला पैशांचा भाग. इथे नकाराचं कारण कुणी लिहून देत नाही, आणि वेळही नेमकी वाईट निवडली जाते.

२०२४ च्या दिवाळीत एका कापड दुकानाच्या जाहिराती धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री एकदम थांबल्या. साड्यांची एक, लहान मुलांच्या कपड्यांची एक, शर्टिंगची एक. तिन्ही आधीच मंजूर झालेल्या आणि आठवडाभर व्यवस्थित चाललेल्या. विधानसभेची आचारसंहिता तेव्हा लागलेली होती. दुकानदाराने तर्क लावला की निवडणुकीमुळे सगळ्यांच्याच बंद केल्या असतील. त्याच्या मुलाने वेगळा तर्क लावला, पोस्टरमध्ये काहीतरी खटकलं असेल. त्याने तिन्ही पोस्टरं बदलली. त्यामुळे मंजूर असलेल्या जाहिराती पुन्हा पडताळणीच्या रांगेत गेल्या, आणि मूळ अडचण होती तिथेच राहिली.

अडचण डेबिट कार्डाची होती. कार्डावर चालणाऱ्या खात्यात फेसबुक आधी जाहिरात दाखवतं आणि मग पैसे घेतं. खर्च ठरावीक रकमेपर्यंत पोचला की कार्डातून वळते करतं. ही रक्कम नव्या खात्याला लहान असते आणि पैसे वेळेवर जात राहिले की वाढत जाते. कार्ड जोडताना मालकाच्या मोबाइलवर ओटीपी आला, त्याने तो टाकला, काम झालं असं वाटलं. पुढची वळती मात्र मालक समोर नसताना होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी नोंदवलेली संमती लागते, शिवाय किमान २४ तास आधी सूचना. ठरावीक सीमेवरच्या रकमेला दर वेळी वेगळी मान्यता. ही सीमा सुरुवातीला पाच हजार होती, २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. दर महिन्याच्या पाच तारखेला जाणाऱ्या विम्याच्या हप्त्याला हे सोपं आहे. जाहिरातीचा खर्च कधी त्या रकमेला टेकेल याचा नेम नसतो; दिवाळीच्या गर्दीत तो दोन दिवसांत टेकतो. संमती नीट नोंदलेली नसली की बँक पैसे सोडत नाही आणि खात्यातल्या झाडून सगळ्या जाहिराती त्याच क्षणी थांबतात.

त्याआधीचीही एक पायरी गावाकडे हमखास चुकते. २०२० पासून बँका नवं कार्ड देतात ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल असं. ऑनलाइन वापर खातेदाराने अॅपमधून किंवा शाखेतून स्वतः सुरू करून घ्यावा लागतो. त्यामुळे पेट्रोल पंपावर बिनबोभाट चालणारं कार्ड फेसबुकवर चालत नाही आणि मालक म्हणतो, खात्यात तर पैसे आहेत.

मुलाने पुढे आणखी दोन गोष्टी केल्या. आईचं कार्ड जोडलं. पण नवं कार्ड जोडल्याने जुनी थकबाकी फिटत नाही, ती बिलाच्या पानावर जाऊन `Pay now` दाबून वेगळी भरावी लागते. मग त्याने दुसरं जाहिरात खातं उघडलं आणि तीच पोस्टरं तिथे लावली. एका खात्यात बाकी थकलेली, आणि त्याच दुकानाच्या त्याच जाहिराती नव्या खात्यातून, नव्या कार्डावर. यंत्राला हे चुकवाचुकवीसारखं दिसलं. दुसरं खातं उघडताच त्याच्यावर निर्बंध आला.

डिझाइनवाल्याकडे प्रकरण आलं ते लक्ष्मीपूजनाच्या सकाळी. "एकच बंद, का सगळ्या?" या प्रश्नाचं उत्तर त्याला मोबाइल हातात घेताच मिळालं. त्याने आधी पहिल्या खात्याची बाकी भरली, मालकाच्याच कार्डाने, ऑनलाइन वापर सुरू करून, मालकाला शेजारी बसवून ओटीपी घेत. पोस्टरांना हात लावला नाही. दुसऱ्या खात्यासाठी ओळखपत्रासह पुनर्विचार मागितला आणि ते तसंच सोडून दिलं. बाकी फिटल्यावर पहिल्या खात्यातल्या जाहिराती सुरू व्हायला हरकत नव्हती, पण साड्यांच्या जाहिरातीची मुदत त्याच दिवशी संपत होती. बंद पडलेल्या दिवसांची भरपाई मिळत नाही, मुदत आपोआप पुढे सरकत नाही. तारीख वाढवून घ्यावी लागली. बदललेली पोस्टरं रांगेतून बाहेर येऊन जाहिराती नीट चालू झाल्या तेव्हा भाऊबीज आली होती. साड्यांची निम्मी खरेदी तोवर गावाने मलकापुरातून उरकली होती.

त्या दिवाळीनंतर तो छोट्या दुकानदारांना आगाऊ पैसे भरायच्या खात्यावर आणतो. त्यात यूपीआयने आधी रक्कम टाकायची, तेवढीच खर्च होते. वळती नाही, संमती नाही, थकबाकीही नाही. मात्र चालू असलेलं कार्डाचं खातं तसं बदलता येत नाही, जुन्याची बाकी चुकती करून नवं उघडावं लागतं, हे तो आधीच सांगतो. जीएसटीही सांगतो, कारण हजाराची जाहिरात लावायला खिशातून अकराशे ऐंशी जातात आणि वरचे एकशे ऐंशी कुणी हिशेबात धरलेले नसतात. या पद्धतीतही एक खोच आहे. रोजचं बजेट पाचशे लिहिलं तरी एखाद्या दिवशी यंत्र त्याहून जास्त खर्च करतं आणि आठवड्याची बेरीज सातपटीत बसवतं. त्यामुळे चार दिवस पुरतील म्हणून टाकलेले पैसे तिसऱ्या रात्रीच संपू शकतात, आणि तेव्हा ना नकार येतो ना थकबाकी दिसते. जाहिरात नुसती दिसायची थांबते.

कापड दुकानदार पुढच्या हंगामाची बोलणी करायला आला, तेव्हा त्याने विचारलं, "म्हंजे दिवाळीची जाहिरात आता नवरात्रातच द्या लागन काय?"

"द्यायची नवरात्रात. सुरू व्हायची तारीख दिवाळीची टाकायची. मंजुरी आधीच होऊन जाते, अडलीच तर बदलायला वेळ राहतो. पैसे तेवढे वसुबारसेला टाका, आणि धनत्रयोदशीला दुकान उघडायच्या आधी खात्यात किती उरले ते एकदा बघा."

दुकानदाराने होकार दिला आणि फ्लेक्सचा भाव विचारला.